शमालचं काय करायचं

तुर्दाकुन आबांनी आयुष्यात दोनच माणसांचं ऐकलं, असं त्यांची बायको सोनुन आजी म्हणतात. एक त्यांचे वडील, आणि दुसरी त्यांची कुत्री. त्यात माझं नाव नाही. गावची जनावरांची डॉक्टर असूनही नाही. असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

आबा तीस वर्षं बस चालवायचे. आमच्या तळ्याच्या किनाऱ्यावरून काराकोल शहराला सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी ती निळी बस. शाळेत असताना मी त्याच बसने गेले आहे. मागच्या बाकावर कोणी दंगा केला की आबा गाडी थांबवायचे, इंजीन बंद करायचे आणि आरशातून नुसते बघत राहायचे. बाहेर बर्फ, आत काच गोठलेली, आणि कोणाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. दोन मिनिटांनी इंजीन सुरू व्हायचं. त्या आरशातली नजर माझ्या अंगात इतकी मुरली आहे की चाळिशी उलटली, डोक्यात पांढरं आलं, तरी आबा समोर आले की मी पाय जुळवून उभी राहते.

बस हा त्यांचा पोटाचा धंदा. जीव होता तो हिवाळ्यातल्या शिकारीत. पहिला बर्फ पडला की रविवारी आबा घोड्यावर, उजव्या हातावर गरुड, आणि घोड्याच्या पुढे तायगन. तायगन म्हणजे आमच्या डोंगरातली शिकारी कुत्री. उंच, सडपातळ, कानांना झालरीसारखे केस. कुत्रीने झुडपांतून कोल्हा उठवायचा, गरुडाने वरून झेप घ्यायची, आणि आबा पोचेपर्यंत दोघांनी एकमेकांना इजा करायची नाही. हे शेवटचं शिकवणं सगळ्यांत अवघड. आमच्या किनाऱ्यावर आता पुष्कळ जण गरुड बाळगतात, पण ते पाहुण्यांसाठी. पाहुणे गाडीतून उतरतात, गरुड हातावर घेऊन फोटो काढतात, कोणीतरी पिंजऱ्यातला ससा सोडतं, टाळ्या पडतात. आबांना त्यासाठी तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "माझी गरुडी नाचत नाही."

गरुडीचं नाव तुयगुन. घरट्यातून पिल्लू आणलेलं, आठ हिवाळे ठेवलेलं. डाव्या पायाचं मागचं नख कोल्ह्याशी झटापटीत मुळापासून गेलेलं. आठ वर्षं झाली की गरुडीला मोकळी करायची, तिने रानात घरटं करावं, हा आमच्याकडचा रिवाज. पाळणारे पाळतात, न पाळणारे पाहुण्यांचे फोटो काढतात. आबांनी तीन वसंतांपूर्वी तिला पलीकडच्या खोऱ्यात नेऊन सोडलं. पायातला चामडी पट्टा कापला, एक मेंढी मारून समोर ठेवली आणि पाठ फिरवून निघाले. चार दिवसांनी ती गावावरच्या कड्यावर येऊन बसलेली. तिथेच राहिली. आबा रोज सकाळी अंगणात तोंड धुताना वर बघायचे, आणि सोनुन आजी म्हणायच्या, "बघा, बघा. माझ्याकडे असं कधी बघितलं असतं तर मी पण कड्यावर जाऊन बसले असते."

आणि कुत्रीचं नाव शमाल. म्हणजे वारा. तिची गोष्ट आजी प्रत्येक पाहुण्याला सांगतात. आबा शेळ्या विकायला म्हणून डोंगरापलीकडे गेले आणि कोटात कुत्रीचं पिल्लू घेऊन आले. आणि दुसऱ्या आठवड्यात घरातलं शिवणयंत्र दिसेना. पिल्लाची किंमत ती होती. "माझ्या आईने दिलेलं यंत्र!" आजी म्हणायच्या. "तेव्हापासून बारा वर्षं हा माणूस फाटके खिसे घेऊन फिरतोय. बरं झालं. कुत्रीलाच सांगा शिवायला." पण रश्शात पाव बुडवून शमालला भरवायच्या त्याच. कुत्र्याने घराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही हा नियमही आजींचाच, आणि थंडीत तिच्यासाठी लोकरीचा जुना नमदा उंबऱ्याच्या बाहेर, दाराला अगदी चिकटून घालायच्या त्याही आजीच.

मागच्या हिवाळ्यात शमाल लंगडायला लागली. पुढच्या पायाला, खांद्याच्या खाली, गाठ. मी हात लावला आणि समजले. हाडातली गाठ होती, आणि बारा वर्षांच्या कुत्रीला ती कुठे घेऊन जाणार हे मला ठाऊक होतं. माघापर्यंत ती पाय टेकवेना, खाईना, हात लावू देईना. तेव्हा आबांचा मुलगा उर्मत राजधानीहून, बिश्केकहून आला. तो तिथे मोठ्या दुकानात हिशेबाचं काम बघतो. अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने विषय काढला.

"हिला असं कुढत ठेवणं पाप आहे, बाबा. इंजेक्शन देऊया."

आमच्या गावात तोवर कुत्र्याला इंजेक्शन देऊन कोणी निरोप दिला नव्हता. म्हातारी कुत्री आपोआप मरायची, नाहीतर मालक तिला रानात न्यायचा आणि बंदूक बोलायची. आबांनीही आधीच्या दोघांना स्वतः गोळी घातली होती. शमालसाठी दोनदा बंदूक काढली, दोनदा साफ करून परत भिंतीला टांगली. हे मला आजींनी सांगितलं, आबांनी नाही.

"इंजेक्शनने दुखतं का?" आबांनी मला विचारलं.

"नाही, आबा. आधी गुंगीचं देते. ती झोपली की मग दुसरं, शिरेतून. झोपेत थांबते."

"मग दे."

ते औषध मी जिल्ह्याच्या दवाखान्यातून सही करून आणलं. झोपेचं औषध, पण डोस मरणाचा. आणि त्या औषधाची एक गोष्ट आहे, ती मी इथेच सांगून टाकते, कारण सगळं त्याच्यावर आहे. ते मेलेल्या अंगात विरत नाही. जनावर मरतं, औषध मांसात राहतं, महिनोन्महिने राहतं. त्या अंगाला ज्याने तोंड लावलं तोही झोपतो, आणि बहुतेक वेळा उठत नाही. म्हणून असं शरीर एकतर खोल पुरायचं, नाहीतर जाळायचं. उघडं टाकायचं नाही. हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मला ते झोपेतही येतं.

सकाळी दहाच्या सुमारास मी गेले. ऊन होतं, बर्फावर डोळे ठरत नव्हते. अंगणात गावातले तीन म्हातारे आधीच बाकावर येऊन बसलेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण शमालला सगळे ओळखायचे. आबा जमिनीवर नमद्यावर बसले होते आणि तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. पहिल्या सुईने तिने मान टाकली. दुसऱ्या औषधाला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी छातीला नळी लावून पाच मिनिटं ऐकत राहिले, कारण घाई करून "झालं" म्हणायचं आणि मग एक श्वास निघायचा, हे मी कोणाच्या बाबतीत होऊ देत नाही. मग म्हणाले, "झालं, आबा."

त्यांनी तिचे डोळे मिटायला हात फिरवला. ते परत उघडले.

"कुत्र्याचे मिटत नाहीत, आबा. माणसासारखे राहत नाहीत."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा एकदा हात फिरवलाच.

मग जे करायचं ते मी केलं. खाली जुनी चादर सारली, कारण सगळं सुटतं आणि अंग ओलं होतं. ते पाहून घरच्यांना वाईट वाटतं. ओल्या फडक्याने पुसलं. गळ्याचा पट्टा काढून आबांच्या हातात दिला. पाय हलकेच पोटाशी दुमडले, मान वळवून घेतली, झोपताना ती जशी वेटोळं करायची तशी. दोन-तीन तासांत अंग ताठरतं, मग वाकवायचं म्हटलं तरी वाकत नाही आणि लोक ओढाताण करतात. आजींनी आतून स्वच्छ सुती चादर आणून दिली. "प्लास्टिक नको," मी म्हटलं, "प्लास्टिकमध्ये माती लागत नाही." आजी म्हणाल्या, "माझ्या घरात प्लास्टिक कुठलं? शिवणयंत्र पण नाही." आणि मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून आत गेल्या.

आता पुढचा प्रश्न उभा राहिला. शमालचं काय करायचं.

उर्मतने फोन काढला. "बाबा, बिश्केकमध्ये सोय आहे. जनावरांना जाळायची भट्टी. मी चौकशी केलीय. दोन तऱ्हा आहेत. बाकीच्यांबरोबर जाळलं तर राख मिळत नाही. एकटीला जाळलं तर राख डबीत घालून देतात, वर नावही लिहितात. आज गाडीत घालून नेतो. थंडी आहे, वाटेत काही होणार नाही."

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने खाकरून थुंकलं. आबा चढ्या आवाजात बोलले नाहीत. तसे ते कधीच बोलत नाहीत.

"बारा वर्षं ती माझ्या घोड्यापुढे पळाली. तिला मी आगीत घालू?"

"ती आता नाहीये, बाबा. हे नुसतं शरीर आहे."

"मग माझं पण जाळ. डबीत घाल. शिवणयंत्राच्या जागी ठेव."

म्हातारे हसले. उर्मतचे कान लाल झाले. खरं सांगायचं तर त्या अंगणात शहाणपणाची गोष्ट तो एकटाच बोलत होता. भट्टीत औषध उरत नाही, काहीच उरत नाही. मी तेव्हा त्याची बाजू घ्यायला हवी होती. पण आगीचं नाव काढलं की आमच्या माणसांना नरकच आठवतो, आणि तीन पांढऱ्या दाढ्यांसमोर जाळण्याची वकिली करणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

"मग गावचा खड्डा," उर्मत चिडून म्हणाला. "नियम तोच आहे ना, डॉक्टरबाई?"

नियम तोच आहे. गावाबाहेर, मेलेल्या जनावरांसाठी, सिमेंटचा खोल खड्डा, वर कुलूपबंद झाकण. रोगाने मेलेल्या गायी तिथे जातात. आबांनी मुलाकडे बसच्या आरशातून बघायचे तसं बघितलं. उर्मतने फोन खिशात घातला. मीही मान खाली घातली.

राहिलं अंगण. पण आमचा किनारा तळ्याकाठचा. फावडं दोन हात खाली गेलं की पाणी लागतं. अंगणात विहीर, कडेने पाटाचं पाणी. मी मान हलवली. "इथे नको, आबा. विहिरीपासून लांब. वरच्या माळावर, पाणी नाही तिथे. दीड मीटर खोल. वर दगड रचायचे, म्हणजे कोणी उकरणार नाही." जमीन हातभर गोठलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. माणसाची कबर खणायची असली तरी आमच्याकडे आधी त्या जागी दिवसभर शेण आणि कोळसा पेटवतात, मग पहार लागते. "मी दोन माणसं पाठवते," मी म्हटलं.

"बरं," आबा म्हणाले. "माझं मी बघतो."

एवढंच. आणि आमच्याकडे मोठ्या माणसाने "बरं" म्हटलं की त्याच्यापुढे तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची नसते. सांगितली तर त्याचा अर्थ होतो, तुम्हाला समजत नाही, किंवा तुमच्या शब्दाचा भरवसा नाही. औषधाची गोष्ट तर मी त्यांना मुळीच सांगितली नाही. कुत्री अजून त्यांच्या मांडीवर ऊबदार होती, तीन म्हातारे ऐकत होते, आणि त्या माणसाला तोंडावर म्हणायचं, आबा, तुमच्या शमालचं मांस आता विष आहे? माझी जीभ रेटेना. मी त्याला सभ्यपणा म्हटलं.

मी उर्मतला फाटकापाशी गाठलं. "नीट ऐक. हे शरीर उघड्यावर राहता कामा नये. औषध अंगात आहे. ज्याने खाल्लं तो मेला. तू बाबांना सांग."

"सांगतो, सांगतो," तो म्हणाला. "पुरतीलच ना ते. आणखी काय करणार आहेत?"

दुपारी बापलेकांत पुन्हा वाजलं आणि उर्मत चहा न घेता बिश्केकला निघून गेला. बाबांना औषधाचं काही न सांगता. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, माझं ते ऐकणार होते का?

आणि आणखी काय करणार होते, ते आता ऐका. आबांच्या वडिलांची एक पद्धत होती. गावाची नव्हे, त्यांच्या घराची. शिकारी कुत्रं मातीखाली घालायचं नाही, जिथे गुरं आणि माणसं त्याच्या डोक्यावरून चालतील. गावाच्या वर एक सपाट खडक आहे, दक्षिणेकडे तोंड असलेला. त्याच्यावर न्यायचं, तोंड डोंगराकडे करून ठेवायचं आणि मागे न बघता खाली यायचं. ज्या रानावर ते जगलं, त्या रानाने त्याला घ्यावं. वडिलांनी चार कुत्री तशी ठेवली, आबांनी दोन. सहाही बंदुकीच्या गोळीने किंवा म्हातारपणाने गेलेली. मांस स्वच्छ होतं. रानाने घेतलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. सातवी आम्ही माया करून मारली.

मी सांगितलेलं आबांनी ऐकलं होतं. कोणी उकरू नये म्हणून बाई खोल पुरायला सांगतेय, एवढं त्यांना समजलं, आणि त्यांना तर रानातलं कोणीतरी यायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शमालला घोड्यावर घातलं आणि वर नेलं. चादरही खडकावरून परत आणली, कारण आजींची चांगली चादर होती.

आता माझी कबुली. त्या दोन दिवसांत मी त्यांच्या घरावरून चार वेळा गेले. माळावर धूर दिसला नाही. गोठलेली जमीन धुराशिवाय कोणी खणू शकत नाही. माझ्या लक्षात आलं होतं. मनात म्हटलं, असेल दुसरीकडे कुठे. म्हटलं, मोठ्या माणसाने बरं म्हटलंय. एका गायीचं वासरू आडवं आलं होतं, तिकडे गेले. कारण शोधायला बसलं की गायी पुष्कळ सापडतात.

पाचव्या दिवशी सकाळी आबा माझ्या दवाखान्याच्या दारात घोड्यावरून उतरले. कोटाची बटणं लावलेली, आणि छातीशी काहीतरी मोठं. मला वाटलं कोकरू. त्यांनी कोट उघडला. तुयगुन होती.

"खडकावर पडली होती," ते म्हणाले. "श्वास चालू आहे. बघ."

"कुठल्या खडकावर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला पुढचं विचारायची गरज उरली नाही.

"तिथे आणखी काही पडलंय?"

"दोन डोमकावळे. एक कावळा." मग जरा थांबून, "मला वाटलं, थंडीने."

मी गरुडीला टेबलावर घेतलं. मान लोंबत होती, पाय गार, पापणी अर्धी उघडी आणि बोट लावलं तरी हलत नव्हती. गळ्याखालची पिशवी गच्च भरलेली. दुपारी त्या खडकावर ऊन येतं, वरचं मांस सैल होतं. तिने पोटभर खाल्लं होतं. मी नळी घालून पिशवी रिकामी केली, कोमट पाण्याने धुतली, पुन्हा धुतली. जे बाहेर आलं ते आबा बघत होते. पंखाखाली सलाइन टोचलं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून भोवती लावल्या. वेळेवर सापडले तर असे पक्षी कधीकधी उठतात. ती रात्रभर बर्फात पडली होती.

डाव्या पायाचं मागचं नख नव्हतं. आबांनी तो पाय मुठीत धरला होता, ऊब द्यायला.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. सगळं. औषध काय आहे, कसं राहतं, कोणाला मारतं. खाली मान घालून, हळू आवाजात, त्या आरशासमोर बोलावं तसं. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी तो पाय सोडला नाही. दुपारी एकच्या सुमारास दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि मग पुढचा श्वास आला नाही. मी नळी लावून पाच मिनिटं ऐकलं. सवयीने.

"हे तुला त्या दिवशी माहीत होतं," आबा म्हणाले.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"उर्मतला सांगितलं होतं, आबा."

"कुत्री उर्मतची होती?"

मी गरुडीभोवतीच्या बाटल्या काढायला लागले.

"खोल पुरा म्हणालीस. का पुरा, ते नाही म्हणालीस. मी तुला शाळेत नेत होतो, पोरी. मला वाटलं होतं तू शिकलीस." मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मी कधी त्यांना बाहेर टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. "मोठ्याने का नाही बोललीस? माझ्यावर ओरडली का नाहीस?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. तुमच्यावर कोण ओरडणार, आबा? आयुष्यभर तुम्ही कोणाला ओरडू दिलंत? पण ते उत्तर मी गिळलं, आणि तेही सभ्यपणानेच. आम्हा दोघांना सभ्यपणा चांगलाच महागात पडला होता आणि तरी सुटत नव्हता.

"आता हिलाही उघड्यावर ठेवता येणार नाही," मी म्हटलं. "हिच्यातही उतरलंय. आणि वरचं सगळं गोळा करावं लागेल."

"जाळायचं की पुरायचं?"

त्यांनी ते सरळ विचारलं. चार दिवसांपूर्वी आगीच्या नावावर मुलाला हाकलणारा माणूस.

"खोल पुरलं तरी चालेल, आबा."

मग धूर दिसला. माळाच्या वरच्या टोकाला, ओढ्यापासून लांब, दोन दिवस. आबा शेण आणि कोळशाच्या आगीशेजारी स्टुलावर बसून असायचे. आजी किटलीत चहा आणि वाटीत बोरसोक, तळलेल्या पावाचे तुकडे, नेऊन देत आणि एक शब्द बोलत नसत. सोनुन आजींना बोलायला काही सापडलं नाही असं मी तेवढंच एकदा पाहिलं. मी पाठवलेल्या दोन माणसांना आबांनी परत पाठवलं. विझलेली राख बाजूला ओढायची, वीतभर जमीन खणायची, पुन्हा आग पेटवायची. सत्तरीचा माणूस, पहार घेऊन.

खडकावर मात्र मी त्यांच्याबरोबर गेले. हातमोजे दिले. शमालचं जे उरलं होतं ते आम्ही नमद्यात घेतलं. तोंड डोंगराकडेच होतं. डोमकावळे, कावळा, आणि खाली झुडपात एक कोल्हा पडलेला मिळाला, तो. खडकावरचा डागलेला बर्फही फावड्याने खरवडून पोत्यात भरला. आबा प्रत्येक झुडपाखाली वाकून बघत होते. "कोल्हा," ते एकदा म्हणाले. "शमालनेच उठवला शेवटी." ते हसले की काय ते मला कळलं नाही, आणि मी बघितलंही नाही.

खड्डा त्यांच्या छातीपर्यंत होता. मी मोजायला पट्टी नेली होती, ती काढली नाही. आधी नमदा ठेवला, त्याच्या शेजारी तुयगुन. आबांनी खिशातून तिची डोळ्यांवरची चामडी टोपी काढली. दोन वर्षं त्यांनी ती तेल लावून जपून ठेवली होती. हातात फिरवली आणि परत खिशात घातली. खिसा फाटका होता. टोपी कोटाच्या अस्तरात घसरली, तेव्हा त्यांनी ती वरून चाचपली आणि तशीच राहू दिली. मग आम्ही माती ओढली आणि दगड रचले. उर्मत आला नाही. त्याला कोणी कळवलंही नव्हतं.

त्यानंतर आबा माझ्या दवाखान्यात पाऊल टाकत नाहीत. त्यांच्याकडे आता ना कुत्री, ना गरुडी, त्यामुळे कारणही नाही. सकाळी अंगणात तोंड धुतात आणि वर बघत नाहीत. रस्त्यात भेटले तर मी सलाम करते, ते मान हलवतात. गावाने पाहून घेतलं आणि आपापल्या परीने अर्थ लावला. कोणी म्हणतं डॉक्टरबाईच्या सुईने गरुडी मारली. खरं आहे. कोणी म्हणतं म्हाताऱ्याच्या हट्टाने. तेही खरं आहे.

या हिवाळ्यात पहिला बर्फ पडल्यावर खालच्या आळीतल्या एका घरून बोलावणं आलं. मेंढ्यांचा म्हातारा राखणदार कुत्रा, मागचे पाय गेलेले. इंजेक्शन द्या, म्हणाले. आता ते गावात नवं राहिलं नव्हतं. घरमालक माझ्या वडिलांच्या वयाचे, अंगणात नेहमीसारखी बाकावर माणसं. मी सुई भरण्याआधी कुत्र्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "आधी ऐका. याला मी जे देणार आहे ते विष आहे. मेल्यावरही याच्या अंगात राहणार. उघड्यावर टाकलात तर तुमची दुसरी कुत्री मरतील, पक्षी मरतील. दीड मीटर खोल, पाण्यापासून लांब, वर दगड. नाहीतर बिश्केकला भट्टी. खड्डा आधी खणा, मला दाखवा, मग सुई."

घरमालकांचा चेहरा उतरला. "बरं, बरं," ते म्हणाले.

"बरं नको. मी काय सांगितलं ते परत म्हणून दाखवा."

बाकावर कोणीतरी म्हणालं, "काय ही बोलण्याची रीत? मोठ्यांशी?" दुसऱ्याने मान फिरवली. माझे कान तापले, आवाज खाली आला, शाळेतल्यासारखे पाय आपोआप जुळले. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण निम्म्या आवाजात.

कुंपणापलीकडे, रस्त्यावर, एक म्हातारा उभा होता. केव्हापासून, माहीत नाही. हात कोटाच्या खिशात, अस्तराला धरून.

"अजून मोठ्याने, पोरी," तुर्दाकुन आबा म्हणाले. "ऐकू येत नाहीये."

माझ्याकडे न बघताच ते पुढे गेले.